बॅटरी जोडलेली की काढलेली? दोन कपॅसिटर, एक पट्टी आणि चार गणितं

कपॅसिटरच्या धड्यात सूत्रं फार नाहीत, आणि जी आहेत ती बहुतेक मुलांना पाठ असतात. तरीही गणित चुकतं, आणि ते जवळजवळ नेहमी एकाच जागी चुकतं. डायइलेक्ट्रिकची पट्टी आत सरकवल्यावर काय होतं तसंच राहिलं आणि काय बदललं, हे ठरवताना घोळ होतो.

नाशिकला कॉलेज रोडच्या आसपास बारावीचे आणि नीट-जेईईचे वर्ग घेणाऱ्या कुणालाही विचारा, प्रत्येक तुकडीत हा प्रश्न येतोच: "सर, बॅटरी जोडलेली आहे म्हणजे V तोच राहणार ना?" यामागे वहीतलं एक वाक्य असतं: बॅटरी जोडलेली असेल तर V कायम, काढलेली असेल तर Q कायम. वाक्य खरं आहे, पण ते एकट्या कपॅसिटरपुरतं खरं आहे. दोन कपॅसिटर जोडले की तेच वाक्य कुणाला लावायचं हे बघावं लागतं. या लेखात एकच जोडी घेऊन चारही शक्यता सोडवून बघू. ही चार गणितं कागदावर स्वतः केलीत तर या प्रकारातलं गणित अडणार नाही.

जोडी आणि बॅटरी

C₁ = ३ μF, C₂ = ६ μF आणि ९० व्होल्टची बॅटरी. दोन्ही कपॅसिटर समांतर पट्ट्यांचे, मध्ये हवा. पुढे C₁ मध्ये K = २ असलेली पट्टी पूर्ण जागा भरेल अशी घालायची आहे. म्हणजे C₁ तेव्हा २ × ३ = ६ μF होईल. आकडे मुद्दाम सोपे घेतले आहेत, कारण लक्ष गुणाकाराकडे जायला नको.

गणितात सहज लिहिलेले हे ३ मायक्रोफॅरड प्रत्यक्षात केवढे असतात ते एकदा बघून ठेवावं. दोन पट्ट्यांत १ मिलिमीटर हवा ठेवली, तर C = ε₀A/d वरून प्रत्येक पट्टीचं क्षेत्रफळ सुमारे ३३९ चौरस मीटर येतं. आपल्याकडच्या मापात सव्वातीन गुंठ्यांहून जास्त! निफाडला द्राक्षाच्या बागेचा तेवढा तुकडा पत्र्याने मढवावा लागेल. मग पंख्यातला २.५ μF चा कपॅसिटर मुठीत कसा मावतो? त्यात हवेऐवजी काही मायक्रॉन जाडीची पॉलिप्रॉपिलीनची फिल्म असते. तिचा K सुमारे २.२ आहे. फिल्म ६ मायक्रॉनची धरली तर ३ μF साठी एक चौरस मीटरपेक्षा कमी क्षेत्रफळ पुरतं, आणि ते गुंडाळून डबीत बसतं. यातला खरा फायदा अंतर कमी होण्याचा आहे, K ने त्यात दुपटीची भर घातली इतकंच. K मोठा असणं म्हणजेच सगळं काही, हा समज इथे निकालात निघतो.

पट्टी घालण्याआधी: सिरीज

सिरीजमध्ये दोघांवर चार्ज सारखा असतो, हे पाठ असतं. तो का सारखा असतो, हे माहीत असेल तरच पुढची गणितं सुटतात. आकृती काढा. C₁ ची उजवी पट्टी, C₂ ची डावी पट्टी आणि त्यांना जोडणारी तार, एवढा भाग पेन्सिलने गोल करा. हा भाग म्हणजे एक बेट आहे. त्याला बाहेरून कुठलीही तार येत नाही. दोन्ही बाजूंना कपॅसिटरमधली हवा आहे आणि तिच्यातून चार्ज जात नाही. सुरुवातीला या बेटावर एकूण चार्ज शून्य होता, म्हणून नंतरही तो शून्यच राहणार. C₁ च्या उजव्या पट्टीवर −Q आला, तर C₂ च्या डाव्या पट्टीवर +Q यावाच लागतो.

आता आकडे. सिरीजची एकूण कपॅसिटन्स:

C = (३ × ६)/(३ + ६) = २ μF
Q = २ × ९० = १८० μC, दोघांवर सारखाच
V₁ = १८०/३ = ६० V, V₂ = १८०/६ = ३० V

बेरीज ९० आली का, हे लगेच तपासा. या तपासणीला दोन सेकंद लागतात आणि निम्म्या चुका इथेच सापडतात. लहान कपॅसिटरवर जास्त व्होल्टेज आलं हेही बघून ठेवा, कारण अनेकांना उलटं वाटतं.

ऊर्जा: C₁ मध्ये ½ × ३ × ६०² = ५४०० μJ आणि C₂ मध्ये ½ × ६ × ३०² = २७०० μJ. एकूण ८१०० μJ, म्हणजे ८.१ mJ. पडताळा: ½ × २ × ९०² = ८१०० μJ. जुळलं.

बॅटरीने मात्र QV = १८० × ९० = १६,२०० μJ दिले. त्यातले निम्मे साठले, निम्मे तारांच्या रोधात उष्णता होऊन गेले. रोध कमी-जास्त केला तरी हा निम्म्याचा हिशेब बदलत नाही. फक्त चार्ज व्हायला लागणारा वेळ बदलतो.

पट्टी घालण्याआधी: पॅरलल

हे झटपट होतं. दोघांवर ९० V. Q₁ = २७० μC, Q₂ = ५४० μC, एकूण ८१० μC. एकूण कपॅसिटन्स ९ μF. ऊर्जा ½ × ९ × ९०² = ३६,४५० μJ. तेच कपॅसिटर आणि तीच बॅटरी, तरी सिरीजपेक्षा साडेचार पट ऊर्जा साठली, कारण एकूण कपॅसिटन्स २ ची ९ झाली.

पहिलं गणित: सिरीज, बॅटरी जोडलेलीच

आता C₁ मध्ये पट्टी सरकवा. तो ६ μF झाला. इथे "V कायम" म्हणून कुणी V₁ = ६० V धरलं की गणित गेलं. बॅटरी फक्त जोडीच्या दोन टोकांना जोडलेली आहे. तिने धरून ठेवलेले ९० व्होल्ट जोडीचे आहेत, एकट्या C₁ चे नाहीत. मधलं बेट तर तिला जोडलेलंच नाही. त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून:

C = (६ × ६)/(६ + ६) = ३ μF
Q = ३ × ९० = २७० μC
V₁ = ४५ V, V₂ = ४५ V

बॅटरी जोडलेली असूनही C₁ चं व्होल्टेज ६० वरून ४५ वर उतरलं. आणि C₂, ज्याला कुणी हातही लावला नाही, त्याचं ३० वरून ४५ वर चढलं. सिरीजमध्ये एकाला हात लावला की दुसऱ्याचे आकडेही हलतात.

ऊर्जा आता ½ × ३ × ९०² = १२,१५० μJ. आधी ८१०० होती, म्हणजे ४०५० ने वाढली. ती आली कुठून? चार्ज १८० चा २७० झाला, म्हणजे बॅटरीने ९० μC जास्तीचे पाठवले आणि त्यासाठी ९० × ९० = ८१०० μJ खर्च केले. त्यातले ४०५० साठले. उरलेले ४०५० पट्टीला आत ओढण्यात गेले. पट्टीला कडेजवळचं विद्युत क्षेत्र आपणहून आत ओढतं. आपण तिला हळूहळू आत जाऊ देत असू तर हात तिला मागे धरून ठेवतो आणि ते काम हाताला मिळतं. "बाह्य बलाने केलेलं कार्य किती" असा प्रश्न असेल तर उत्तर −४०५० μJ. उणे चिन्ह सोडू नका, बहुपर्यायी प्रश्नात दोन्ही चिन्हांचे पर्याय दिलेले असतात.

दुसरं गणित: सिरीज, बॅटरी काढून मग पट्टी

आधी चार्ज केलं, १८० μC आले, बॅटरी काढली. आता जोडीची बाहेरची दोन्ही टोकंही सुटी आहेत, म्हणजे बेटं तीन झाली आणि कुठल्याच बेटावरचा चार्ज बदलू शकत नाही. दोन्ही कपॅसिटरवर १८० μC तसेच राहणार.

V₁ = १८०/६ = ३० V, V₂ = १८०/६ = ३० V, एकूण ६० V

C₂ या वेळी जागचा हलला नाही. C₁ मधली ऊर्जा ५४०० ची २७०० झाली, C₂ ची २७०० च राहिली. एकूण ५४०० μJ. कमी झालेली २७०० μJ पट्टी ओढण्यात गेली, कारण बॅटरी नसल्यामुळे ऊर्जा द्यायला दुसरं कुणीच नाही.

पहिल्या गणितात ऊर्जा वाढली, दुसऱ्यात घटली. पट्टी मात्र दोन्ही वेळा आतच ओढली गेली. "ऊर्जा वाढते म्हणजे पट्टी बाहेर ढकलली जात असेल" असा तर्क मुलं करतात. तो बॅटरीचा वाटा विसरल्यामुळे चुकतो.

तिसरं गणित: पॅरलल, बॅटरी जोडलेली

हे सगळ्यात सोपं. पॅरललमध्ये प्रत्येक कपॅसिटरची दोन्ही टोकं थेट बॅटरीला असतात, म्हणून वहीतलं वाक्य इथे प्रत्येकाला लागू पडतं. V₁ = V₂ = ९० V. Q₁ दुप्पट होऊन ५४० μC, Q₂ पूर्वीचाच ५४०. एकूण ऊर्जा ½ × १२ × ९०² = ४८,६०० μJ.

चौथं गणित: पॅरलल, बॅटरी काढून मग पट्टी

इथे सर्वांत जास्त मुलं फसतात. "बॅटरी काढली, Q कायम" म्हणून Q₁ = २७० μC धरतात आणि V₁ = २७०/६ = ४५ V काढतात. पण मग C₂ वर ९० V आणि C₁ वर ४५ V, आणि दोघांची टोकं तर तारेने एकमेकांना जोडलेली! हे शक्यच नाही.

पुन्हा बेटं बघा. C₁ ची वरची पट्टी आणि C₂ ची वरची पट्टी मिळून एक बेट होतं, तसंच खालचं दुसरं. कायम राहतो तो या अख्ख्या बेटावरचा चार्ज, ८१० μC. बेटाच्या आत तो इकडून तिकडे जाऊ शकतो, आणि जातो:

V = ८१०/(६ + ६) = ६७.५ V
Q₁ = ४०५ μC, Q₂ = ४०५ μC

C₂ कडून C₁ कडे १३५ μC वाहून गेले. ऊर्जा Q²/२C ने काढा, कारण Q हीच माहीत असलेली कायम राशी आहे: ८१०²/(२ × १२) = २७,३३७.५ μJ. आधी ३६,४५० होती. घट झाली, दुसऱ्या गणितासारखीच.

तेव्हा सूत्राला हात घालण्याआधी आकृतीवर दोन खुणा करायच्या. बॅटरीची दोन टोकं जिथे टेकतात त्या दोन बिंदूंमधला V कायम. चारी बाजूंनी तुटलेल्या प्रत्येक बेटावरचा एकूण Q कायम. बाकी सगळं बदलू शकतं. ऊर्जेसाठी जी राशी कायम आहे तिचं सूत्र घ्या: V कायम असेल तर ½CV², Q कायम असेल तर Q²/२C. उलटं घेतलं तरी उत्तर बरोबर येतं, पण आधी बदललेली राशी काढावी लागते आणि तिथे चूक शिरते.

पट्टी अर्धीच भरली तर

कधी पट्टी पूर्ण जागा भरत नाही. तेव्हा एकच प्रश्न विचारा: एका धातूच्या पट्टीकडून दुसरीकडे सरळ रेघ ओढली, तर वाटेत काय काय लागतं?

पट्टीची जाडी अंतराच्या निम्मी असेल, तर प्रत्येक रेघेला आधी हवा आणि मग डायइलेक्ट्रिक लागतो. ही सिरीज. C₁ = ३ μF चे निम्म्या अंतराचे दोन भाग करा. हवेचा भाग ६ μF (अंतर निम्मं, कपॅसिटन्स दुप्पट), डायइलेक्ट्रिकचा १२ μF. सिरीजमध्ये ४ μF. पट्टी पूर्ण जाडीची पण निम्म्या क्षेत्रफळाची असेल, तर काही रेघा फक्त हवेतून जातात आणि काही फक्त डायइलेक्ट्रिकमधून. ही पॅरलल: १.५ + ३ = ४.५ μF. पूर्ण भरल्यावर ६ μF येतात, म्हणून कुठलंही अर्धवट उत्तर ३ आणि ६ च्या मध्येच यायला हवं.

डायइलेक्ट्रिकऐवजी निम्म्या जाडीची धातूची पट्टी घातली, तर तिच्या आत क्षेत्र शून्य असतं. उरतो फक्त हवेचा भाग, ६ μF. ती पट्टी मध्ये असो की एका बाजूला सरकवलेली, उत्तर तेच.

खरे कपॅसिटर हातात घेतल्यावर

कागदावरचं सिरीजचं गणित खऱ्या वस्तूला लावताना एक धोका आहे. समजा दोन्ही कपॅसिटरवर ५० V लिहिलंय. ५० अधिक ५० म्हणजे १००, मग ९० V चालतील, असं वाटतं. पण वर बघितलं तसं ३ μF वर ६० V येतात. तो निकामी होऊन शॉर्ट झाला, की पूर्ण ९० V दुसऱ्यावर येतात आणि तोही जातो. सुरक्षित मर्यादा काढायची तर आधी मर्यादा गाठणाऱ्यापासून सुरुवात करा: ३ μF वर ५० V म्हणजे १५० μC, तेवढ्यावर ६ μF वर २५ V, म्हणून जोडीला जास्तीत जास्त ७५ V. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत काम करायला जाणाऱ्या डिप्लोमाच्या मुलांनी हे गणित विशेष नीट करावं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर डीसीवर सिरीजमध्ये असतील, तर काही वेळाने व्होल्टेजची वाटणी कपॅसिटन्सपेक्षा त्यांच्या गळतीवर ठरू लागते. म्हणून प्रत्यक्ष सर्किटमध्ये प्रत्येकाला समांतर एकेक रेझिस्टर लावतात.

घरी पडताळून बघायचं असेल तर एमजी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १ μF आणि २.२ μF चे फिल्म कपॅसिटर आणा, ९ V ची बॅटरी आणि साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. पंख्याला किंवा घरच्या विजेला हात लावू नका. आधी प्रत्येक कपॅसिटरचे स्वतःचे दोन पाय एकमेकांना टेकवून तो रिकामा करा, मग सिरीजमध्ये जोडा. गणिताने १ μF वर सुमारे ६.२ V आणि २.२ μF वर सुमारे २.८ V यायला हवेत.

पण मीटर १ μF ला लावून ठेवलात तर आकडा हळूहळू उतरत जाताना दिसेल. मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो आणि मधल्या बेटावर त्यातून चार्ज येऊ लागतो. या जोडीसाठी टाइम कॉन्स्टंट सुमारे ३२ सेकंद आहे, म्हणून मीटर लावल्यावर दिसणारा पहिला आकडा टिपून घ्या. दुसऱ्या कपॅसिटरवर मोजण्याआधी बॅटरी काढून दोन्ही पुन्हा रिकामे करा, नाहीतर पहिल्या मोजणीत बेटावर आलेला चार्ज दुसरी मोजणी बिघडवेल.

आता तुमची तीन

जोडी तीच, ९० V, पण या वेळी K = २ ची पट्टी C₂ मध्ये.

पहिलं: सिरीज, बॅटरी जोडलेली. प्रत्येकावरचं व्होल्टेज काढा.

दुसरं: पॅरलल चार्ज केलं, बॅटरी काढली, मग पट्टी घातली. व्होल्टेज आणि ऊर्जा काढा.

तिसरं: या तिनांतल्या पहिल्याच्या शेवटी बॅटरी काढली आणि मग पट्टी बाहेर ओढली. जोडीच्या टोकांमध्ये किती व्होल्ट? हाताने किती काम केलं?

उत्तरं. पहिल्याचं: C = २.४ μF, Q = २१६ μC, V₁ = ७२ V, V₂ = १८ V. पट्टी C₂ मध्ये घातली तरी ताण C₁ वर वाढला. दुसऱ्याचं: ८१०/१५ = ५४ V, ऊर्जा २१,८७० μJ. तिसऱ्याचं: Q २१६ μC च राहतो, V₁ = ७२ V, V₂ = ३६ V, एकूण १०८ V, म्हणजे बॅटरीपेक्षाही जास्त. ऊर्जा ९७२० ची ११,६६४ μJ झाली, आणि ही १९४४ μJ ची वाढ पट्टी बाहेर ओढणाऱ्या हाताने दिली.